चतुर्थ, व्यय आणि दोन घरांमधला शुक्र

लग्नासाठी पत्रिका समोर आली की पाहणाऱ्याचं बोट आधी सप्तमस्थानावर जातं. जोडीदार कसा, लग्न कधी, मंगळ आहे का, गुण किती जुळतात, असे प्रश्न ठरलेले असतात. पण मुलगी म्युनिकला नोकरी करते आणि मुलगा नाशिकजवळ द्राक्षबाग सांभाळतो, अशा जोडीला हे प्रश्न फारसे सतावत नाहीत. एकमेकांना त्यांनी निवडलेलं असतं. त्यांना वेगळंच विचारायचं असतं: आम्ही एका घरात कधी येणार, ते घर कुठे असणार, आणि तोवर हे टिकणार का? या प्रश्नांसाठी ज्योतिषी सप्तम बाजूला ठेवून दोन्ही पत्रिकांतलं चौथं आणि बारावं स्थान उघडतो, आणि त्या दोन्हींशी शुक्राचा काय संबंध आहे ते पाहतो. हे वाचन नेमकं कसं होतं, कुठे ते खरोखर सूक्ष्म आहे आणि कुठे त्याचा पाया डळमळतो, हे नीट समजून घेण्याजोगं आहे, कारण अलीकडे अशा जोड्या घरोघरी आहेत आणि पत्रिका पाहून मोडलेली लग्नंही.

चौथं म्हणजे सुखस्थान. घर, आई, जमीन, वाहन आणि मनाची स्वस्थता ही सगळी खाती त्याच्याकडे. बारावं म्हणजे व्ययस्थान. खर्च, झोप, शय्यासुख, परदेशवास आणि एकांत त्याच्याकडे. दूर राहणाऱ्या जोडप्याचं सगळं जगणं या दोन स्थानांत मावतं, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. विमानाची तिकिटं बाराव्यात, अर्धवट झोपही बाराव्यात. म्युनिकच्या आणि आपल्या वेळेत हिवाळ्यात साडेचार तासांचं अंतर असतं आणि उन्हाळ्यात साडेतीन तासांचं. ती संध्याकाळी सातला घरी पोचून फोन लावते तेव्हा नाशिकला साडेअकरा वाजलेले असतात, आणि पहाटे बागेत फवारणी असते.

चौथ्या आणि बाराव्या स्थानांचं एकमेकांशी नातंही आहे. चौथ्यापासून मोजत गेलं तर बारावं नववं येतं, म्हणजे दोन्ही एकाच त्रिकोणात आहेत. म्हणून शास्त्रात परदेशाचा विचार करताना घराचा विचार सुटत नाही. यात तिसरं स्थानही हळूच येतं. कुठल्याही स्थानाच्या आधीचं स्थान हे त्याचं व्यय समजतात, म्हणून तिसरं हे चौथ्याचं व्यय झालं, म्हणजे घर सुटण्याचं स्थान. चौथ्याचा स्वामी तिसऱ्यात किंवा बाराव्यात गेला की ज्योतिषी म्हणतो, या माणसाचं घर जन्मगावी राहणार नाही. पाराशरी परंपरेत चतुर्थेश व्ययात गेल्याचं फळ घराच्या सुखाला पारखं होणं असं सांगितलं आहे. जुन्या काळी ते दुर्दैव होतं. आज त्याच योगाला परदेशातली नोकरी म्हणतात.

आता शुक्र. प्रेमाचा, दांपत्यसुखाचा, वाहनाचा आणि शय्यासुखाचा तो कारक, त्यामुळे दोन्ही स्थानांशी त्याचा संबंध आधीच आहे. शिवाय बारापैकी चार लग्नांना तो या स्थानांपैकी एकाचा मालकच असतो. कर्क लग्नाच्या चौथ्यात तूळ येते आणि कुंभ लग्नाच्या चौथ्यात वृषभ, म्हणून या दोघांचा चतुर्थेश शुक्र. मिथुन लग्नाच्या बाराव्यात वृषभ आणि वृश्चिक लग्नाच्या बाराव्यात तूळ, म्हणून या दोघांचा व्ययेश शुक्र. या चार लग्नांच्या माणसांचं प्रेम आणि घर, किंवा प्रेम आणि दूरदेश, एकाच ग्रहाच्या हाती असतं. दूर राहणाऱ्या जोडप्याची पत्रिका वाचताना याहून जास्त बोलकी जागा नाही.

शुक्राचं आकाशातलं वागणं ठाऊक असेल तर पत्रिका तपासताही येते. सूर्यापासून तो सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंशांपलीकडे कधीच जात नाही, म्हणून पत्रिकेत तो सूर्याच्याच राशीत किंवा मागेपुढे फार तर दोन राशींवर सापडतो. यावरून एक पक्की गोष्ट निघते: चौथ्यात शुक्र असलेल्याचा जन्म रात्रीचाच असतो, कारण त्या वेळी सूर्य दुसऱ्या ते सहाव्या स्थानात, म्हणजे क्षितिजाखालीच असावा लागतो. बाराव्यात शुक्र असेल तर जन्म उत्तररात्रीपासून साधारण दुपारपर्यंतचा. दुपारी चारचा जन्म आणि चौथ्यात शुक्र अशी पत्रिका कुणी पुढे केली, तर ती मांडतानाच चुकलेली आहे, आणि तिच्यावर एक शब्दही बोलू नये.

वर सांगितलेल्या जोडीचंच उदाहरण घेऊन वाचन करून पाहू. जोडी नमुन्यासाठी रचलेली आहे. ग्रहस्थिती मात्र त्या त्या दिवसांची खरी आहे, चित्रापक्षीय अयनांशाने काढलेली. मुलगी २८ जून १९९२ रोजी सकाळी सव्वाआठला पुण्यात जन्मलेली, मुलगा १० एप्रिल १९९० रोजी रात्री साडेदहाला नाशिकला.

मुलीचं लग्न कर्क. चौथ्यात तूळ रास, तिचा स्वामी शुक्र, आणि तो बसलाय मिथुनेत, म्हणजे बाराव्यात. चतुर्थेशही तोच आणि प्रेमाचा कारकही तोच, आणि दोन्ही नात्यांनी तो परदेशाच्या स्थानात. वाचणारा इथे थांबत नाही, कारण या शुक्रापासून जेमतेम चार अंशांवर सूर्य आहे. सूर्याच्या दहा अंशांच्या आत आलेला शुक्र अस्तंगत मानतात. पंचांगात शुक्रास्त दाखवतात आणि त्या काळात लग्नाचे मुहूर्त धरत नाहीत, तो हाच प्रकार. अस्तंगत शुक्राचं फळ पुष्कळजण सरधोपट वाईट सांगतात. जाणते ज्योतिषी एवढंच म्हणतात की हिचं प्रेम वरून दिसणार नाही. ती फोनवर कमी बोलेल, भेटीची तारीख आधी ठरवेल, तिकीट आधी काढेल. शिवाय बाराव्यातला शुक्र हा अपवादाचा मानतात. इतर ग्रह व्ययात दुबळे होतात, पण शुक्राला ते भोगाचं, शय्यासुखाचं स्थान मानवतं असं परंपरा सांगते. कालपुरुषाच्या बाराव्या राशीत, मीनेत, तो उच्चीचा होतो, हा त्यासाठी दिला जाणारा आधार.

तिच्या पत्रिकेत आणखी दोन ग्रह चौथ्याकडे पाहतात. शनी सातव्यात मकरेत स्वराशीला आहे, आणि त्याची दहावी दृष्टी तुळेवर पडते. मंगळ दहाव्यात मेषेत स्वराशीला, त्याची सातवी दृष्टीही तिथेच. काम बलवान, जोडीदाराबाबत सबुरी मोठी, आणि घर मात्र दोन्हीकडून दाबलेलं. नवऱ्यामागे जाऊन कुठेतरी संसार मांडणाऱ्या बाईची ही पत्रिका दिसत नाही. आपल्या कामासाठी घर सोडणारीची दिसते.

मुलाचं लग्न वृश्चिक. त्याच्या बाराव्यात तूळ, म्हणून व्ययेश शुक्र, आणि तो चौथ्यात कुंभेत. मुलीचा चतुर्थेश व्ययात, मुलाचा व्ययेश चतुर्थात, असा हा उलटसुलट मेळ आहे आणि दोन्हीकडे ग्रह तोच. मुलीचं घर दूरदेशी गेलं, तर मुलाच्या घरात दूरदेश येऊन बसला. चौथं स्थान जमिनीचंही असल्यामुळे त्याचा पैसा आणि जीव बागेत अडकलेला आहे असंही वाचता येतं. त्याचा शुक्र सूर्यापासून सेहेचाळीस अंशांवर, जवळजवळ जितका लांब जाऊ शकतो तितका. १९९०च्या एप्रिलमध्ये तो पहाटे पूर्वेला ठसठशीत दिसत होता. अशा शुक्राचं प्रेम उघड असतं. रुसवा, हौस, आठवण, सगळं तो बोलून दाखवतो. एकाचा शुक्र झाकलेला आणि दुसऱ्याचा लखलखीत असेल, तर दूर राहताना पहिली कुरबूर इथूनच सुरू होते: तो म्हणतो, तुला माझी आठवणच येत नाही, आणि तिला कळत नाही की यापेक्षा जास्त काय करायचं.

मुलाच्या चौथ्याचा स्वामी शनी आहे तिसऱ्यात मकरेत, म्हणजे घर सुटण्याच्या स्थानात. सोबत तिथेच लग्नेश मंगळ आणि राहू. नुसता चौथ्यातला शुक्र पाहून हा घरकोंबडा आहे असं सांगणारा इथे चुकेल. त्याच्यातही निघून जाण्याची ओढ आहे, फक्त चौथ्यात कुंभ ही स्थिर रास असल्यामुळे मुळं खोल आहेत. मुलीच्या चौथ्यात तूळ ही चर रास आहे, तिचं घर सहज हलतं. याशिवाय आठव्यातल्या गुरूची दृष्टी मुलाच्या चौथ्यावर आणि बाराव्यावर, दोन्हीवर पडते. दूरचं नातं सांभाळून नेणाऱ्या पत्रिकेत ज्योतिषी अशी दृष्टी शोधतात.

यानंतर दोन पत्रिका एकमेकींवर ठेवायच्या. मुलाचा चंद्र तुळेत आहे, आणि तूळ हे मुलीचं चौथं स्थान. मुलीचा चंद्र वृषभेत, आणि वृषभ हे मुलाचं सातवं. त्याचं मन तिच्या घरात आणि तिचं मन त्याच्या जोडीदाराच्या जागी, यापेक्षा चांगली खूण या वाचनात क्वचित मिळते. दोघांचे शुक्रही एकमेकांपासून पाचवे-नववे, म्हणजे नवपंचम. पण हेच शुक्र एकमेकांच्या आठव्या स्थानात पडतात: तिचा मिथुनेतला शुक्र त्याच्या आठव्यात, त्याचा कुंभेतला तिच्या आठव्यात. आठवं हे काळजीचं, गुपिताचं, अचानक येणाऱ्या संकटाचं. आवड जुळते, पण त्या आवडीसोबत शंकेची घरघर चालू राहते. मेसेज वाचला आणि उत्तर नाही, एवढ्यानेही रात्र जाते.

नेहमीचं गुणमेलन यातलं काय पकडतं? फारच थोडं. छत्तीस गुणांचा सगळा हिशेब चंद्राच्या राशी-नक्षत्रांवर चालतो. शुक्र, चौथं, बारावं त्यात येतच नाही. या जोडीच्या राशी वृषभ आणि तूळ, म्हणजे षडाष्टक, आणि त्यासाठी भकूटाचे सातही गुण जातात. घाईने कोष्टक पाहणारा इथेच मान हलवतो. खरं तर वृषभ आणि तूळ या दोन्ही राशींचा स्वामी शुक्रच आहे, आणि राश्यधिपती एक असेल तर हे प्रीतिषडाष्टक मानून दोष धरत नाहीत. मोबाइलवरच्या ॲपमध्ये लाल अक्षरांत दोष दिसला म्हणून घाबरलेल्या आईवडिलांनी निदान एवढं विचारून घ्यावं.

आता 'कधी' हा प्रश्न. विंशोत्तरी दशेने मुलीला राहूची महादशा चालू आहे आणि तीत शुक्राची अंतर्दशा साधारण २०२१ ते २०२४ होती. चतुर्थेश व्ययात असताना त्याचीच अंतर्दशा, तीही परदेशाचा कारक मानलेल्या राहूत, म्हणजे घर सोडण्याचा काळ तोच. मुलाला २०२५-२६च्या सुमारास शनीची महादशा लागते, आणि शनी हा त्याचा चतुर्थेश. यावरून ज्योतिषी म्हणेल, तिचं हलणं होऊन गेलं, आता घराचा प्रश्न मुलाच्या दारात आला आहे. बाग वाट्याने द्यायची का, भाऊ सांभाळेल का, वर्षातले किती महिने तो बाहेर राहू शकेल, हे पुढल्या काही वर्षांत त्यालाच ठरवावं लागेल.

वाचन इतकं नेमकं वाटतं, आणि म्हणूनच ते कशावर उभं आहे हे तपासलं पाहिजे. लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते. मुलीची जन्मवेळ सव्वाआठऐवजी पावणेदहा धरली तर लग्न सिंह होतं. शुक्र बाराव्यातून अकराव्यात जातो, चौथ्यात वृश्चिक येते आणि चतुर्थेश होतो मंगळ. परदेशाची सगळी कथा नाहीशी होते, आणि आकाशात तर काहीच बदललेलं नसतं. वेळ मागेपुढे लिहिली जाण्याची कारणं साधी असतात. प्रसूतिगृहात बाळ जन्मल्यावर घड्याळ कुणी पाहिलं, कार्डावर वेळ कुणी लिहिली, आजीने आठवणीवर कोणती वेळ सांगितली, यावर सारं अवलंबून. शुक्राची रास मात्र यात बदलत नाही. तो एका राशीत साधारण महिनाभर राहतो, आणि वक्री होतो तेव्हा चार महिनेही. म्हणून शुक्र मिथुनेत असणं हे त्या महिन्यात जन्मलेल्या सगळ्यांना सारखंच लागू. तो बाराव्यात आहे की अकराव्यात, एवढीच गोष्ट त्या एका माणसाची, आणि तीच जन्मवेळेच्या मिनिटांवर टांगलेली.

दुसरी अडचण खास आपल्या महाराष्ट्राची आहे. बहुतेक पंचांगं आणि संगणकावरची पत्रिका चित्रापक्षाचा अयनांश घेतात. टिळक पंचांग रैवतपक्षाचं, आणि दोघांत सुमारे चार अंशांचा फरक आहे. फरक लहान वाटतो, पण राशीच्या टोकाला असलेल्या ग्रहासाठी तो मोठा ठरतो. आपल्या उदाहरणातल्या मुलाचा मंगळ चित्रापक्षाने मकरेत साडेअठ्ठावीस अंशांवर, तिसऱ्या स्थानात आहे. टिळक पंचांगाने तो कुंभेत, चौथ्यात, थेट शुक्राजवळ येतो. चौथ्यातला मंगळ म्हणजे मंगळाची पत्रिका! एका पंचांगाने मुलगा बिनमंगळाचा आणि दुसऱ्याने कडक मंगळाचा, शिवाय प्रेमाच्या ग्रहाशेजारी मंगळ बसल्यामुळे घरात भांडणं होतील असं भाकीतही जोडून. दोन ज्योतिष्यांनी दोन गोष्टी सांगितल्या की लोक ज्योतिष्याला दोष देतात. पुष्कळदा दोघंही आपापल्या गणिताने बरोबर असतात. पत्रिका दाखवताना ती कोणत्या अयनांशाने काढली आहे हे विचारणं म्हणूनच गरजेचं आहे. चित्रापक्ष की रैवतपक्ष, एवढ्या दोन शब्दांचा हा प्रश्न आहे.

तिसरी अडचण सगळ्यांत खोल आहे: झालेल्या गोष्टीचं कारण पत्रिकेत शोधलं की ते सापडतंच. जवाहरलाल नेहरूंची प्रचलित पत्रिका पाहावी. १४ नोव्हेंबर १८८९ची रात्र, कर्क लग्न, आणि चौथ्यात तुळेचा स्वगृहीचा शुक्र. केंद्रात स्वगृहीचा शुक्र म्हणजे मालव्य योग, घराच्या आणि दांपत्याच्या सुखाची ग्वाही. प्रत्यक्षात १९२१ ते १९४५ या काळात ते नऊ वेळा तुरुंगात गेले, सगळं मिळून जवळजवळ नऊ वर्षं. कमला नेहरू क्षयाने आजारी होत्या. त्या भोवालीच्या आरोग्यधामात असताना जवाहरलाल अल्मोड्याच्या तुरुंगात होते. १९३५मध्ये त्यांना उपचारांसाठी युरोपला नेलं, सप्टेंबरात जवाहरलालांची सुटका झाली आणि ते तिकडे धावले. २८ फेब्रुवारी १९३६ला लोझानला कमलाबाई गेल्या. आता ज्योतिषी म्हणेल, बाराव्यात मिथुनेचा राहू आहे ना, तो बंधनाचा. आहे खरा. पण शुक्राने सुखाचं वचन द्यावं आणि राहूने ते मोडावं, यांतलं कोण जिंकणार हे आधी सांगणारा नियम कुठे आहे? आनंदभवनातला संसार सुखाचा झाला असता तर हाच शुक्र पुढे केला असता आणि राहूचा उल्लेख विदेशप्रवासापुरता उरला असता.

आधी सांगून पाहण्याचा एक प्रयोग पुण्यातच झाला. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८मध्ये शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या, आणि प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतल्या चाळीस दिल्या. कोणती पत्रिका कोणत्या गटातली एवढंच सांगायचं होतं. सत्तावीस ज्योतिष्यांनी उत्तरं पाठवली आणि त्यांचं बरोबर येण्याचं प्रमाण ४६ टक्के निघालं. नाणं उडवून याहून वाईट जमलं नसतं. निष्कर्ष २००९मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आले. प्रयोग बुद्धिमत्तेपुरता होता, चौथ्या-बाराव्या स्थानांची अशी परीक्षा त्यात नव्हती, पण लग्न मोडण्याइतका भरवसा पत्रिकेवर ठेवणाऱ्याने हा आकडा समोर ठेवायला हवा.

मग दूर राहणाऱ्या जोडप्यांबद्दल माणसांना पाहून काय कळलं आहे? क्रिस्टल जिआंग आणि जेफ्री हँकॉक यांनी २०१३मध्ये अशा जोडप्यांकडून आठवडाभराच्या बोलण्याची नोंद करून घेतली. दूर राहणाऱ्यांचं बोलणं वारंवारतेने कमी असलं तरी एकमेकांजवळ मन मोकळं करण्यात ते मागे नव्हते, उलट थोडे पुढेच होते. समोरच्याला प्रत्यक्षाहून जास्त गोड रंगवून पाहण्याची सवयही त्यांच्यात जास्त दिसली. अंतर हे नात्याचं मुख्य संकट नसतं, हे त्यातून स्पष्ट होतं. संकट कुठे असतं ते लॉरा स्टॅफर्ड आणि सहकाऱ्यांच्या २००६च्या अभ्यासात दिसतं. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन जोडप्यांपैकी जी दुराव्यानंतर एका गावात आली, त्यांतली सुमारे एकतृतीयांश जोडपी तीन महिन्यांच्या आतच वेगळी झाली. फोनवर न दिसलेल्या सवयी, एकट्याने वेळ घालवण्याची गेलेली मुभा, अशा गोष्टींनी नातं दुखावलं.

पत्रिकेच्या भाषेत मांडायचं तर बारावं पार पडतं आणि चौथ्यात अडतं. या वाचनात मला सगळ्यांत मोलाचं हेच वाटतं. ग्रह काही घडवतात याचा पुरावा नाही, पण घर आणि दूरदेश यांना एका ओळीत ठेवून पाहायला लावणारी ही मांडणी जोडप्याला हवा तो प्रश्न विचारायला लावू शकते, जर समोरचा माणूस घाबरवण्यात रस घेत नसेल तर. आपल्या उदाहरणातल्या दोघांना 'योग कधी आहे' याचं उत्तर मिळण्याआधी काही साध्या गोष्टी आपसात बोलून घ्यायच्या आहेत. मुलीने वर्षभराची सुट्टी काढून यायचं म्हटलं, तर ती सासरच्या घरात राहणार की बागेजवळ वेगळं घर घेणार? मुलगा सहा महिन्यांसाठी गेला तर एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोड्या बहाराची छाटणी कोण पाहणार? आणि पहिल्यांदा सलग एकत्र राहायचं ते कुठल्या महिन्यांत?

नाशिकच्या बागाईतदाराला याचं उत्तर पंचांगाविनाही ठाऊक असतं. जानेवारी ते मार्च-एप्रिल माल काढणीचे दिवस, त्यानंतर खरड छाटणी, ऑक्टोबरात पुन्हा छाटणी आणि त्यापुढे फवारण्यांची धावपळ. जुलै ते सप्टेंबर एवढाच त्यातल्या त्यात मोकळा काळ. स्टॅफर्ड यांच्या अभ्यासातले तीन महिने या तीन महिन्यांत बरोबर बसतात. ती रजा घेऊन त्याच पावसाळ्यात आली आणि दोघांनी सलग तीन महिने एका छपराखाली काढले, तर शनीच्या महादशेत घराचं काय होणार हे त्यांचं त्यांनाच ठरवता येईल.